दहा हजारांनी भागा आणि स्वस्थ बसा

मराठी माणसाचा आकड्यांवर विश्वास असो वा नसो, टक्क्यांवर मात्र गाढ असतो. दहावीचा निकाल टक्क्यांत लागतो, डेअरीत दुधाचं फॅट टक्क्यांत मोजतात, साखर कारखाना उतारा टक्क्यांत जाहीर करतो, सावकार व्याज शेकड्याच्या हिशेबाने सांगतो आणि गावातल्या रस्त्याच्या कामात कुणाचा किती वाटा होता याची कुजबुजही टक्क्यांतच चालते. सावकाराचा 'शेकडा दोन' हा महिन्याचा असतो आणि बँकेचा दर वर्षाचा, हा फरक कळायला कधीकधी एक पिढी जाते. पण त्यामुळे टक्क्यावरची श्रद्धा ढळत नाही. अशा या शंभरात सुखाने नांदणाऱ्या घरी एक दिवस विहिरीच्या पाण्याचा किंवा शेतातल्या मातीचा तपासणी अहवाल येतो. त्यात आकड्यापुढे पीपीएम अशी तीन अक्षरं असतात. अहवाल आणणारा, वाचणारा आणि नुसता डोकावणारा असे तिघेही मग एकच प्रश्न विचारतात : "म्हणजे किती टक्के?"

या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. टक्का म्हणजे शंभरात एक, पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. दहा लाखांत शंभर दहा हजार वेळा बसतात, म्हणून पीपीएमला दहा हजारांनी भागा की टक्के आले. विहिरीच्या पाण्याचा एक लिटर जवळपास एक किलोचाच भरतो, त्यामुळे पाण्याच्या अहवालातलं 'मिलिग्रॅम प्रति लिटर' आणि मातीच्या अहवालातलं 'मिलिग्रॅम प्रति किलो' ही दोन्ही पीपीएमचीच घरातली नावं समजायला हरकत नाही. गणित संपलं. चौथीतल्या मुलालाही जमेल असं आहे, आणि त्याचं उत्तर शंभर टक्के बरोबर येईल. माझी तक्रार एवढीच की हे बरोबर उत्तर जवळजवळ नेहमीच निरुपयोगी असतं, आणि काही वेळा निरुपयोगीपेक्षाही वाईट असतं.

पाण्यापासून सुरुवात करू. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, फ्लोराइड १ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावं असं म्हणतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतं. आता हे दीड पीपीएम टक्क्यांत आणू. उत्तर येतं ०.००००१५ की ०.००१५? थांबा, पुन्हा भागू : ०.०००१५. पहिल्या प्रयत्नात शून्य कमी-जास्त होणं हा या भागाकाराचा स्थायीभावच आहे, पण ते बाजूला ठेवू. शून्यं बरोबर पडली तरी हाती काय आलं? आता समजा एखाद्या विंधन विहिरीत फ्लोराइड मर्यादेच्या दुप्पट, म्हणजे ३ पीपीएम आहे. टक्क्यांत ते ०.०००३. हेच जरा सन्मानाने सांगायचं तर हे पाणी ९९.९९९७ टक्के फ्लोराइडमुक्त आहे. एवढे गुण मिळवणाऱ्या पाण्याचा गावात फ्लेक्स लागायला हवा. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्याने दातांवर डाग पडले, हाडं आणि सांधे आखडले. दात आणि हाडं टक्केवारी वाचत नाहीत. ती रोज पोटात गेलेले मिलिग्रॅम मोजतात : असलं पाणी दिवसाला तीन लिटर प्यायलं तर ९ मिलिग्रॅम, आणि तेही रोज.

टक्क्याची ही उदारता फक्त फ्लोराइडपुरती नाही. आर्सेनिकची मर्यादा ०.०१ पीपीएम आहे, ती टक्क्यांत लिहायला दशांशचिन्हानंतर पाच शून्यं मांडावी लागतात आणि मग एक एकटा एक. समुद्राच्या पाण्यात क्षार साधारण ३५,००० पीपीएम, म्हणजे ३.५ टक्के असतात. याचा अर्थ अरबी समुद्र साडेशहाण्णव टक्के शुद्ध पाणी आहे. बोर्डाच्या परीक्षेत ३५ टक्क्यांना पास करणाऱ्या राज्यात समुद्राला विशेष प्रावीण्य द्यावं लागेल. आणि जाहिरातीत '९९.९९ टक्के शुद्ध' असं छापलेलं असतं ना, त्यातून उरलेला ०.०१ टक्का म्हणजे १०० पीपीएम. शंभर पीपीएम साधे क्षार असतील तर उत्तम, गोडं पाणी आहे. शंभर पीपीएम नायट्रेट असेल तर ४५ या मर्यादेच्या दुपटीहून जास्त झालं. शंभर पीपीएम आर्सेनिक असेल तर पुढचं वाक्य वाचायला ग्राहक उरणार नाही. 'शुद्ध' या बाबतीत टक्का फक्त एवढंच सांगतो की बाटलीत बहुतांशी पाणी आहे, आणि एवढं बाटली हलवूनही कळतं.

मग पीपीएम तरी साधूच आहे का? मुळीच नाही. ज्या विक्रेत्याला दिलासा विकायचा असतो तो टक्के वापरतो आणि ज्याला धास्ती विकायची असते तो पीपीएम. दारात येणाऱ्या फिल्टरवाल्याच्या हातात पेनासारखा टीडीएस मीटर असतो. तो तुमच्या नळाच्या पाण्यात बुडवतो आणि ३५० हा आकडा दाखवतो. आकडा मोठा दिसतो, चेहरे लहान होतात. हेच त्याने ०.०३५ टक्के असं सांगितलं असतं तर घरातल्यांनी त्याला पाणी पाजून वाटेला लावलं असतं, आणि तेही त्याच नळाचं. खरं तर मानकाप्रमाणे ५०० पर्यंतचं पाणी बिनतक्रार चालतं आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत. शिवाय हा मीटर क्षार मोजतच नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्याला एका ठरावीक गुणकाने गुणून पीपीएम दाखवतो. गुणक कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे दोन मीटर एकाच पेल्याबद्दल दोन मतं देऊ शकतात. आर्सेनिक, कीटकनाशक आणि जंतू त्याला दिसत नाहीत. काही मीटर आकडा मोठा झाला की पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात x10 असं दाखवतात. ते ज्याला दिसत नाही त्याला १२०० टीडीएसचं बोअरचं पाणी १२० चं वाटतं आणि तो शेजाऱ्यांना बोलावून पाजतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. फिल्टरवाल्याचं सोडा, पण साध्या माणसाला पीपीएम समजतच नाही. शंभर ही गोष्ट त्याने पाहिलेली आहे, दहा लाख त्याने फक्त निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात वाचलेले आहेत. तेव्हा अहवाल त्याच्या भाषेत, म्हणजे टक्क्यांत द्यायला नको का? या आक्षेपाला उत्तर द्यायला नाशिक किंवा सांगलीच्या कुठल्याही द्राक्षबागेत जावं. तिथे जिबरेलिक ॲसिडला सगळे प्रेमाने जीए म्हणतात आणि त्याच्याबद्दल फक्त पीपीएममध्येच बोलतात. प्रीब्लूमला दहा पीपीएम, डिपिंगला चाळीस, असे आकडे पारावर तंबाखू मळता मळता सहज निघतात. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम जीए म्हणजे दहा पीपीएम, हे त्यांना कुणी सूत्र म्हणून शिकवलेलं नाही. ग्रॅमची पुडी आणि पाण्याची टाकी समोर असते, आणि चूक झाली तर घडाचा आकार बिघडतो. त्या बागायतदाराला तुम्ही सांगितलंत की अण्णा, चाळीस पीपीएम म्हणजे ०.००४ टक्के, तर ते चहा पाजतील पण पुन्हा बागेत घेणार नाहीत.

गंमत अशी की हेच अण्णा दुपारी कपाशीवर युरिया फवारताना दोन टक्के म्हणतात. दोन टक्के म्हणजे लिटरला वीस ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला तीनशे ग्रॅम. सकाळी पीपीएम, दुपारी टक्के, आणि मधल्या जेवणात दोघांची अदलाबदल करण्याची गरज त्यांना एकदाही भासत नाही. दोन टक्के युरियाला २०,००० पीपीएम म्हणायला गणिताची आडकाठी नाही, फक्त कारण नाही. वाटीने मोजायची वस्तू टक्क्यांत आणि चिमटीने मोजायची वस्तू पीपीएममध्ये, असा त्यांचा व्यवहार आहे. म्हणजे साध्या माणसाला पीपीएम समजत नाही हे खरं नाही. ज्या पीपीएमच्या मागे लिटर, ग्रॅम आणि हातातलं काम असतं ते त्याला चांगलं समजतं. अहवालातलं समजत नाही, कारण तिथे नुसता आकडा असतो, पुढे काय करायचं ते नसतं. त्यावर टक्के हा उपाय नाही. ज्या आकड्याने पुढचं काम कळत नव्हतं त्यातून त्याहून लहान आकडा काढल्यावर काम कसं कळणार?

आता मातीकडे येऊ, कारण खरी मौज मातीत आहे. २०१५ साली सुरू झालेल्या योजनेतून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. एका कागदावर बारा परिमाणं, आणि एकत्र कुटुंबात जशी प्रत्येकाची चूल वेगळी असते तसं प्रत्येकाचं एकक वेगळं. सेंद्रिय कर्ब टक्क्यांत. नत्र, स्फुरद, पालाश हे हेक्टरी किलोत. गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन पीपीएममध्ये. क्षारता भलत्याच एककात आणि सामूला एककच नाही. समजा मराठवाड्यातल्या एखाद्या सोयाबीनच्या रानाची पत्रिका आली आणि तिच्यात सेंद्रिय कर्ब ०.४५ आणि जस्तही ०.४५ असं आलं. एकाच कागदावर, चार ओळींच्या अंतराने, तोच आकडा. वाचणारा साहजिकच समजतो की कर्ब आणि जस्त सारखंच आहे. शेजारच्या बारीक रकान्यात एकापुढे टक्के आणि दुसऱ्यापुढे पीपीएम लिहिलेलं असतं. पण बारीक रकाने वाचायची सवय आपल्याला विम्याच्या कागदांनी केव्हाच मोडून टाकली आहे.

या दोन ०.४५ मधलं अंतर टक्क्यांनी दिसत नाही, वजनाने दिसतं. एक हेक्टर रानाचा वरचा पंधरा सेंटीमीटरचा थर, म्हणजे नांगराखाली येणारी माती, साधारण २२ लाख ४० हजार किलो धरतात. त्यामुळे कुठल्याही अन्नद्रव्याचे पीपीएम २.२४ ने गुणले की हेक्टरी किलो मिळतात. हा २.२४ मूळचा आपला नाही. एक एकर नांगरटीची माती वीस लाख पौंड, असा इंग्रजी मापांचा जुना ठोकताळा होता. त्याचं मेट्रिकमध्ये बारसं झालं तेव्हा हा आकडा जन्मला. आता गुणा. जस्त ०.४५ पीपीएम म्हणजे हेक्टरी १.००८ किलो, एका पिशवीत घालून सायकलच्या हँडलला अडकवता येईल एवढं. कर्ब ०.४५ टक्के म्हणजे ४५०० पीपीएम, म्हणजे हेक्टरी १०,०८० किलो. त्याला ट्रक लागेल. पत्रिकेवर दोघेही ०.४५ होऊन मांडीला मांडी लावून बसलेले असतात.

आता कुणी शिस्तप्रिय माणूस म्हणेल, म्हणूनच तर सगळं टक्क्यांत आणा, म्हणजे गोंधळच नको. कर्ब ०.४५ टक्के, जस्त ०.००००४५ टक्के, फरक लख्ख दिसतो. हा दुसरा आक्षेप, आणि पहिल्यापेक्षा जास्त फसवा. कारण जस्ताच्या बाबतीत 'मातीत ०.००००४५ टक्के जस्त आहे' हे विधान नुसतं कुचकामी नाही, ते खोटं आहे. टक्के म्हटलं की आपण घटकांचा हिशेब ऐकतो : शंभरात अमुक एवढं लोखंड, तमुक एवढी साखर. पण प्रयोगशाळेने मातीतलं सगळं जस्त मोजलेलंच नसतं. दहा ग्रॅम माती घ्यायची, तिच्यात डीटीपीए नावाच्या रसायनाचं वीस मिलिलिटर द्रावण घालायचं, दोन तास हलवायचं, गाळायचं आणि गाळलेल्या पाण्यातलं जस्त यंत्रावर मोजायचं. लिंडसे आणि नॉर्वेल या दोघांनी १९७८ साली मांडलेली ही पद्धत पिकाच्या मुळांना साधारण किती जस्त उचलता येईल याचा अंदाज देते. त्याच मातीत एकूण जस्त पन्नास पीपीएमच्या वर असू शकतं, पण ते खनिजांत आणि चुनखडीत अडकून बसलेलं असतं. नावावर सात-बारा असतो, पण हातात पैसा नसतो, त्यातला हा प्रकार. ०.४५ पीपीएम हा मुळांच्या हातातला पैसा आहे. त्याचा टक्का काढणं म्हणजे खिशातल्या सुट्ट्या नाण्यांवरून माणसाची मालमत्ता जाहीर करणं.

याच पद्धतीत आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात प्रयोगशाळेतली माणसंही पडतात. दहा ग्रॅम मातीला वीस मिलिलिटर द्रावण वापरलं म्हणजे माती दुपटीने पातळ झाली. यंत्रावर ०.२२५ पीपीएम दिसलं तर ते द्रावणातलं. मातीतलं काढायला दोनाने गुणून ०.४५ करावं लागतं. हा दोनचा गुणाकार विसरला की ०.८ चं चांगलं रान अहवालात ०.४ चं होतं आणि आपल्याकडे वापरात असलेल्या ०.६ या कसोटीवर नापास ठरतं. शेतकरी मग नसलेल्या कमतरतेवर पैसे खर्च करतो. म्हणजे पीपीएम म्हटलं तरी 'कशातले पीपीएम' हा प्रश्न उरतोच. टक्क्यांत हा प्रश्न नाहीसा होत नाही, फक्त शून्यांच्या रांगेत मागे उभा राहतो आणि कुणाच्या नजरेला पडत नाही.

पुढची करामत संगणकाची. अहवाल एक्सेलमध्ये आहे, बी रकान्यात पीपीएम आहेत आणि साहेबांनी टक्के मागितले आहेत. कर्मचारी शेजारच्या चौकटीत लिहितो :

```
=B2/10000
```

०.४५ चं ०.००००४५ होतं. इथपर्यंत सगळं बरोबर. पण आकड्यापुढे टक्क्याचं चिन्ह नाही, म्हणून तो वरच्या पट्टीतलं % हे बटण दाबतो. एक्सेल मग आपल्या समजुतीप्रमाणे आकड्याला शंभराने गुणून दाखवतं, आणि दशांशस्थळं न वाढवल्यामुळे पडद्यावर येतं 0%. शेतात जस्त शून्य. कुणी चिकाटीने दशांशस्थळं वाढवली तर दिसतं 0.0045%, म्हणजे खऱ्याच्या शंभरपट. एकाच चौकटीत एकदा जस्ताचा दुष्काळ आणि एकदा सुकाळ. बटण दाबायचंच असेल तर दहा लाखांनी भागावं, दहा हजारांनी भागायचं असेल तर बटणाला हात लावू नये. दोन्ही केलं की टक्का दोनदा काढला जातो. आपल्याकडे कंत्राटात हे चालतं, मातीत चालत नाही.

अशी चूक पकडायची कशी? पुन्हा वजनानेच. समजा कुणी एकक गाळलं आणि पुढच्या टेबलावरच्या माणसाने जस्ताचे ०.४५ टक्केच समजून घेतले. २२ लाख ४० हजार किलोचे ०.४५ टक्के म्हणजे १०,०८० किलो. हेक्टरी दहा टन उपलब्ध जस्त! एवढं असतं तर सोयाबीन पेरायची गरजच नव्हती, रान भंगाराच्या भावाने विकता आलं असतं. आकडा टक्क्यांत असेपर्यंत त्याचा वेडेपणा दिसत नाही, ०.४५ हा निरुपद्रवी चेहऱ्याचा आकडा आहे. किलोत येताच त्याचं पितळ उघडं पडतं.

किलोचा दुसरा फायदा म्हणजे पुढचं काम लगेच कळतं. जस्त ०.६ च्या खाली आहे, तर हेक्टरी पंचवीस किलो, म्हणजे एकरी दहा किलो, झिंक सल्फेट द्यावं अशी शिफारस सर्रास केली जाते. पिशवीवर २१ टक्के जस्त लिहिलेलं असतं, आणि इथे टक्का आपल्या योग्य जागी आहे, कारण तो खरोखरच शंभर किलो पिशव्यांतलं एकवीस किलो जस्त सांगतो. पंचवीस किलोतून सव्वापाच किलो जस्त मिळालं. रानात हातातलं होतं एक किलो. आता तिसरा आक्षेप : सव्वापाच किलो म्हणजे २.२४ ने भागल्यावर २.३ पीपीएम, तर पुढच्या वर्षी अहवालात ०.४५ अधिक २.३ असं पावणेतीन यायला हवं. येत नाही. चुनखडीच्या, जास्त सामूच्या काळ्या जमिनीत घातलेल्या जस्तातलं बरंचसं पुन्हा अडकतं. तेव्हा हा हिशेब बँकेच्या पासबुकासारखा जुळणार नाही, हे मान्य. शिवाय २.२४ हाही सरसकट आकडा आहे. मुरमाड रानात दगड वजा करावे लागतात, भुसभुशीत काळ्या मातीचा घनमीटर हलका भरतो, तिथे दोनच्या आसपासचा गुणक जास्त खरा. पण या चुका दहा-पंधरा टक्क्यांच्या आहेत. एककाच्या घोळाची चूक दहा हजार पटींची असते. दहा टक्क्यांची चूक घेऊन शेती करता येते.

आता टक्क्याच्या बाजूने जे खरं आहे ते बोलायला हवं, नाहीतर लेख एकांगी झाल्याची तक्रार येईल. सेंद्रिय कर्ब, मुक्त चुनखडी या गोष्टी मातीत खरोखर शेकड्याच्या हिशेबाने असतात, तिथे टक्केच बरे. कर्बाला ४५०० पीपीएम म्हणणं ही उगीच मोठेपणा मिरवायची हौस झाली. पण तिथेसुद्धा टक्का वाचून थांबलं की फसगत होते, फक्त उलट्या बाजूने. जस्ताचा टक्का इतका लहान की तो नाहीसा होतो, आणि कर्बाचा टक्का इतका साधा दिसतो की तो वाढवणं सोपं वाटतं. एखाद्या बाटलीवाल्याने सांगितलं की एकरी एक लिटर सोडा, एका हंगामात कर्ब ०.४ वरून ०.८ होईल, तर ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय, ०.४ च तर वाढवायचे आहेत. वजन करून पाहा. ०.४ टक्के म्हणजे हेक्टरी ८,९६० किलो, एकरी साडेतीन टनांच्या वर निव्वळ कर्ब. तोही शेणखत नव्हे. शेणखतातलं पाणी आणि माती वजा करून, कुजताना हवेत उडालेलं सोडून मागे उरलेला कर्ब. एका लिटरच्या बाटलीत साडेतीन टन कर्ब मावत असेल तर ती बाटली उचलायलाच जेसीबी लागेल.

पाण्यातही हेच. ओलिताच्या विहिरीचा टीडीएस १००० आला की ऐकणारा विचारतो, किती टक्के? ०.१ टक्का. मग काही नाही, असं म्हणून पंप चालू होतो. पण १००० पीपीएम म्हणजे लिटरला एक ग्रॅम. एका एकरात हंगामभरात पाच लाख लिटर पाणी दिलं, म्हणजे सगळं मिळून साधारण साडेबारा सेंटीमीटरची पाळी झाली, तर त्याबरोबर ५०० किलो क्षार रानात गेले. पाणी उडून जातं आणि पिकात जातं, क्षार बहुतेक तिथेच राहतात. पन्नास किलोच्या दहा गोण्या क्षार कुणी बांधावर आणून टाकले असते तर त्या माणसावर पोलिसांत तक्रार झाली असती. विहिरीतून ०.१ टक्क्याच्या वेषात आले म्हणून त्यांना ठिबकने, थेंब थेंब करून, मुळाशी पोचवलं जातं. चांगला पाऊस आणि चांगला निचरा असेल तर ते खाली धुऊन जातात. निचरा नसलेल्या भारी काळ्या जमिनीत मात्र ते पांढरी बुरशी यावी तसे वर येऊन दिसतात, आणि तेव्हा टक्के विचारायला कुणी येत नाही.

म्हणून प्रयोगशाळा चालवणाऱ्यांना एक विनंती. अहवालात टक्क्यांचा आणखी एक रकाना कृपा करून वाढवू नका. रकाना वाढवायचाच असेल तर मातीच्या अहवालात 'एकरी किलो' आणि पाण्याच्या अहवालात 'दहा हजार लिटरमागे किलो' असा एक द्या. पीपीएमला शंभराने भागलं की हा दुसरा तयार होतो, शून्यं मोजायला चष्मा लागत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी तेवढीही गरज नाही, तिथे मिलिग्रॅम प्रति लिटर आणि शेजारी मानकाची मर्यादा एवढं ठळक छापलं की पुरे. आणि वाचणाऱ्यांनी अहवाल हातात घेतल्यावर आधी आकडा न पाहता बारीक रकान्यातलं एकक पाहावं, ते नसेल तर अहवाल परत करून लिहून मागावं. तपासणीचे पैसे भरलेले असतात, एकक त्यातच येतं.